कच्चा डेटा आणि लेखी व्याख्या : जाहिरात एजन्सीला सहीआधी पाठवायचे पत्र

डिजिटल जाहिरातींचे काम एजन्सीकडे सोपवताना, किंवा जुना करार पुढे वाढवताना, काही कंपन्या सहीच्या आधी एजन्सीला एक पत्र पाठवतात. त्यात मागण्या दोनच असतात. जाहिरातींचा आणि वेबसाइटचा कच्चा डेटा क्लायंटला थेट पाहता आणि उतरवून घेता आला पाहिजे, ही पहिली. मासिक अहवालात जो जो आकडा येईल त्याची व्याख्या करारात लिहिलेली असली पाहिजे, ही दुसरी. पत्र जेमतेम दोन पानांचे असते. पण एजन्सीचे काम ज्या पट्टीने मोजायचे ती पट्टी आजवर एजन्सीच्याच हातात होती, आणि तिच्यावरच्या खुणा या पत्रात मागितलेल्या असतात.

दुसरी मागणी आधी समजून घ्यावी, कारण ती नसेल तर पहिलीचा उपयोग नाही. समजा, कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकणारे एक दुकान आहे. मार्च २०२५ मध्ये त्याने गुगल आणि मेटावर मिळून ४ लाख रुपयांच्या जाहिराती केल्या. एजन्सीच्या अहवालात पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिले आहे : एकूण कन्व्हर्जन १०१०, दर कन्व्हर्जनमागे खर्च ३९६ रुपये. दुकानदार आपली ऑर्डरवही काढतो, तर महिन्याभरात सगळ्या मार्गांनी मिळून आलेल्या ऑर्डरी भरतात ६४०. त्यांतली ९० पार्सले दारातूनच परत आलेली, कारण माल ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ होता आणि गिऱ्हाइकाने घेतलाच नाही. हाती उरल्या ५५०.

इथे एजन्सी खोटे बोलली असे म्हणण्याचा मोह होतो, पण बहुतेक वेळा तसे नसते. १०१० ची फोड केली की मेटाने आपल्या नावावर ४१० खरेद्या लावलेल्या दिसतात, गुगलने ३३०, आणि उरलेले २७० म्हणजे वेबसाइटवरच्या व्हॉट्सॅपच्या बटणावर पडलेले क्लिक. ते बटण दाबणे हेही खात्यात ‘कन्व्हर्जन’ म्हणूनच नोंदवून ठेवलेले होते. नुसत्या खरेद्या धरल्या तरी ४१० आणि ३३० मिळून ७४० होतात, म्हणजे दुकानात आलेल्या एकूण ऑर्डरींपेक्षा १०० जास्त. एका बाईंनी सोमवारी संध्याकाळी इन्स्टाग्रामवर चपलांची जाहिरात नुसती पाहिली, मंगळवारी दुपारी गुगलवर दुकानाचे नाव शोधले, वर आलेल्या जाहिरातीवर क्लिक केले आणि चप्पल घेतली. मेटाच्या नेहमीच्या मांडणीत जाहिरात क्लिक केल्यापासून ७ दिवसांत किंवा नुसती पाहिल्यापासून १ दिवसात झालेली खरेदी तिच्या खात्यात जाते. गुगल अॅड्समध्ये क्लिकनंतरची मुदत, वेगळी ठरवली नसेल तर, ३० दिवसांची असते. चप्पल एक जोड, पण दोन्हीकडे एकेक खरेदी चढली. दोन्ही कंपन्या आपापल्या व्याख्येनुसार बरोबरच आहेत. चूक आहे ती दोन वेगळ्या व्याख्यांचे आकडे एकाखाली एक लिहून बेरीज मारण्यात.

आता तोच ४ लाखांचा खर्च ५५० ऑर्डरींवर वाटला तर दर ऑर्डरीमागे ७२७ रुपये पडतात, तेही सगळ्या ऑर्डरी जाहिरातींमुळेच आल्या असे उदारपणे मानून. एजन्सीची महिन्याची फी ६० हजार असेल आणि ती खर्चात धरली तर हा आकडा ८३६ वर जातो. वर १८ टक्के जीएसटी आहे. दुकानाला त्याचे क्रेडिट मिळत असेल तर तो खर्च नव्हे, मिळत नसेल तर खर्चच. ३९६ की ८३६ हे गणिताने ठरत नाही. ‘खर्च’ आणि ‘ऑर्डर’ या दोन साध्या शब्दांत काय काय धरायचे यावर ठरते.

म्हणून पत्राला जोडलेल्या परिशिष्टात प्रत्येक मोजमापाला एक छोटा परिच्छेद दिलेला असतो. तो साधारण असा वाचायला मिळतो : “ऑर्डर म्हणजे दुकानाच्या प्रणालीत स्वतंत्र क्रमांक मिळालेली आणि गिऱ्हाइकाने माल स्वीकारलेली खरेदी. रद्द झालेल्या व परत आलेल्या ऑर्डरी वजा. आकड्याचा स्रोत दुकानाची ऑर्डरनोंद, जाहिरात कंपनीचा डॅशबोर्ड नव्हे. दिवस भारतीय प्रमाणवेळेनुसार. महिन्याचा आकडा पुढच्या महिन्याच्या २० तारखेला कायम होईल.”

शेवटचे वाक्य उगाच घातलेले नाही. गुगल अॅड्सच्या नेहमीच्या स्तंभात खरेदीची नोंद क्लिक ज्या दिवशी झाले त्या दिवसावर पडते, खरेदीच्या दिवसावर नव्हे. २८ मार्चला क्लिक करून कुणी ९ एप्रिलला चप्पल घेतली, तर मार्चचा आकडा एप्रिलमध्ये एकाने वाढतो. १ एप्रिलला काढलेला अहवाल आणि महिनाअखेरीस काढलेला अहवाल म्हणूनच जुळत नाहीत, आणि ‘तुम्ही आकडे बदलता’ असा वाद विनाकारण पेटतो. प्रमाणवेळेचेही तसेच. खाते उघडताना चुकून अमेरिकेतली वेळ निवडली गेली असेल तर दिवाळीतल्या एका दिवसाची विक्री अहवालात दोन तारखांत विभागून येते.

व्याख्येतला भागाकार कसा फसवतो याचे सर्वांत गाजलेले उदाहरण फेसबुकचे आहे. व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहिला गेला याचा आकडा आपण फुगवून दाखवत होतो, हे कंपनीने २०१६ मध्ये मान्य केले. पाहण्याच्या एकूण वेळेला सगळ्या प्रेक्षकांनी भागण्याऐवजी, ज्यांनी किमान ३ सेकंद पाहिले तेवढ्यांनीच भागले जात होते. शंभर जणांपैकी ८० जण एका सेकंदात पुढे सरकले आणि २० जणांनी दहा सेकंद पाहिले, तर एकूण वेळ २८० सेकंद. शंभरांनी भागले तर सरासरी २.८ सेकंद येते, विसांनी भागले तर १४. पुढल्याच वर्षी, जानेवारी २०१७ मध्ये, प्रॉक्टर अँड गॅम्बलचे मार्क प्रिचर्ड यांनी अमेरिकेतल्या जाहिरात व्यवसायाच्या परिषदेत जाहीर करून टाकले की कंपनी आपले सगळे एजन्सी-करार पारदर्शकतेसाठी तपासणार, आणि जाहिरात ‘दिसली’ म्हणजे काय याची एकच व्याख्या मानणार. ती व्याख्या अशी : चित्र-जाहिरातीचे किमान निम्मे पिक्सेल सलग एक सेकंद पडद्यावर, व्हिडिओचे सलग दोन सेकंद. चपलांच्या दुकानदाराला जगातल्या बड्या जाहिरातदारासारखी भाषा परवडणार नाही. पण मागणी तीच आहे.

आता कच्चा डेटा. एजन्सी पाठवते ती पीडीएफ किंवा रंगीत डॅशबोर्ड म्हणजे कच्चा डेटा नव्हे. तो शिजवून वाढलेला असतो. पत्रात मागायच्या असतात त्या दोन गोष्टी : जाहिरात खात्यांतल्या दररोजच्या, प्रत्येक जाहिरातीच्या ओळी, आणि वेबसाइटवर घडलेल्या प्रत्येक घटनेची नोंद. दुसरीसाठी गुगल अॅनालिटिक्स ४ हे बिगक्वेरीला जोडता येते, आणि मोफत आवृत्तीतही दिवसाला १० लाख घटनांपर्यंत रोजची निर्यात मिळते. मात्र ही निर्यात जोडणी केलेल्या दिवसापासूनच सुरू होते, मागचे काही येत नाही. हे पत्र भांडण झाल्यावर लिहून फारसा उपयोग होत नाही तो यामुळेच. डेटा हाती असला की साधा तपास घरबसल्या होतो :

```sql
SELECT COUNT(*) AS events,
  COUNT(DISTINCT ecommerce.transaction_id) AS orders
FROM `shop.analytics_123456.events_*`
WHERE event_name = 'purchase'
  AND _TABLE_SUFFIX BETWEEN '20250301' AND '20250331'
```

उत्तर ६६८ घटना आणि ६४० वेगळे ऑर्डर क्रमांक असे आले, तर २८ खरेद्या दोनदा नोंदल्या गेल्या आहेत. बहुधा ‘धन्यवाद’चे पान गिऱ्हाइकांनी पुन्हा उघडले आणि नोंद करणारा कोड पुन्हा चालला. अहवालातल्या एका बेरजेवरून हे कधीच कळले नसते. अमुक माणसाने जाहिरात पाहिली का, हे मात्र कच्च्या डेटातही सापडत नाही. गुगल आणि मेटा व्यक्तीनिहाय तशी यादी कुणालाच देत नाहीत. पत्रात ती मागितली असेल तर लिहिणाऱ्याला हा धंदा माहीत नाही, एवढेच एजन्सीला कळते.

डेटा पाहण्याचा हक्क खात्याच्या मालकीवर उभा असतो, म्हणून पत्रात तीही स्पष्ट करावी लागते. गुगल अॅड्सचे खाते क्लायंटच्या नावे असावे, त्यावर क्लायंटला अॅडमिनचा अधिकार असावा आणि एजन्सीने आपले मॅनेजर खाते त्याला जोडून काम करावे. मेटावरही जाहिरात खाते क्लायंटच्या व्यवसायाखाली उघडून एजन्सीला भागीदार म्हणून प्रवेश द्यायचा असतो. एजन्सीने ते स्वतःच्या नावे उघडले, तर नंतर मालकी हलवणे अवघड, आणि करार संपला की काही वर्षांचा जाहिरात-इतिहास एजन्सीकडेच राहून जातो.

एजन्सीच्या हरकती सगळ्याच बहाणे नसतात. रोज सकाळी डॅशबोर्ड उघडून कालच्या एका दिवसाच्या आकड्यावरून फोन करणारा क्लायंट कामाचा विचका करतो, ही तक्रार रास्त आहे. त्यावर आठवड्यातून एकदाच आकड्यांवर बोलायचे, अशी अट घालता येते. एजन्सी स्वतःच्या नावे जाहिरात-जागा घेऊन क्लायंटला पुढे विकत असेल, तर मात्र मूळ खरेदीची किंमत सांगायला ती तयार होणार नाही. अमेरिकेतल्या जाहिरातदारांच्या संघटनेने २०१६ मध्ये करून घेतलेल्या चौकशीत माध्यम-कंपन्यांकडून एजन्सींना मिळणाऱ्या परताव्यांची चाल व्यापक असल्याचे समोर आले होते. असे व्यवहार करायचे असतील तर ते आधी लेखी कळवून करावेत, एवढे कलम तरी पत्रात असावे. शिवाय जाहिरातीतून आलेल्या चौकश्यांमध्ये लोकांची नावे आणि फोन नंबर असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात जबाबदारी मुख्यतः ज्याच्या कामासाठी डेटा गोळा झाला त्याची, म्हणजे क्लायंटची असते. करार संपल्यावर ती यादी एजन्सीने किती दिवसांत पुसायची हेही म्हणून लिहून घ्यावे लागते.

जाहिरात कंपन्या आपल्या व्याख्या आणि मुदती अधूनमधून बदलतात, त्यामुळे परिशिष्ट एकदा लिहून संपत नाही. बदल झाला की ठरावीक दिवसांत एजन्सीने कळवायचे आणि पुढचे दोन महिने जुन्या व नव्या पद्धतीचे आकडे शेजारी शेजारी दाखवायचे, हे कलम पुरेसे ठरते. इतके सगळे झाल्यावरही एक प्रश्न उरतो : त्या ५५० ऑर्डरींपैकी जाहिरात नसती तरी आल्या असत्या अशा किती? याचे उत्तर ना व्याख्येत आहे ना बिगक्वेरीत. त्यासाठी काही आठवडे, समजा सांगली आणि सोलापूर जिल्ह्यांत, जाहिराती बंद ठेवून तिथल्या ऑर्डरींची तुलना साताऱ्याशी आणि अहिल्यानगरशी करावी लागते. त्या आठवड्यांत जी विक्री बुडेल ती कुणी सोसायची, हेही सहीआधीच ठरवलेले बरे.