आजची गुंतवणूक आणि २००८ सालची पडझड

८ जानेवारी २००८ रोजी निफ्टी ६,२८७.८५ वर बंद झाला. त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला तो २,५२४.२० वर बंद झाला. साडेनऊ महिन्यांत शंभर रुपयांचे चाळीस झाले. हे आकडे ज्यांना पाठ आहेत, त्यांनाही एका प्रश्नाचं उत्तर चटकन देता येत नाही: आज आपल्या नावावर जे फंड, जे सोनं आणि ज्या ठेवी आहेत, त्या सगळ्यांवर मिळून तीच पडझड आली, तर हातात किती रुपये उरतील?

या प्रश्नाचं उत्तर काढण्याला स्ट्रेस टेस्ट म्हणतात. बँका आणि फंड कंपन्या ती मोठ्या यंत्रणेवर करतात, पण घरच्या संगणकावरही ती नीट करता येते. पद्धत सोपी आहे. जुन्या पडझडीच्या दोन तारखा घ्यायच्या आणि त्या दोन तारखांमध्ये आपली प्रत्येक गुंतवणूक किती टक्के पडली किंवा चढली ते साठवलेल्या भावांवरून काढायचं. ते टक्के आजच्या रकमेला लावायचे आणि सगळ्यांची बेरीज करायची. २००८ मध्ये आपल्याकडे काय होतं याच्याशी या हिशेबाचा संबंध नाही. रक्कम आजची असते, फक्त पडझड जुनी.

एक उदाहरण घेऊ. एका कुटुंबाकडे वीस लाख रुपये आहेत: आठ लाख निफ्टीच्या इंडेक्स फंडात, चार लाख स्मॉल कॅप फंडात, तीन लाख सोन्याच्या फंडात आणि पाच लाख बँकेच्या मुदत ठेवीत. २००८ च्या तारखा लावल्या की निफ्टी ५९.९ टक्के पडतो, म्हणजे आठ लाखांतले सुमारे ४ लाख ७९ हजार जातात. स्मॉल कॅपची घट हिशेबापुरती ७० टक्के धरू. तिथे २ लाख ८० हजार गेले. सोनं १० टक्के चढलं असं धरू, म्हणजे तीस हजार आले. ठेव आहे तशीच. एकूण तोटा सुमारे ७ लाख २९ हजारांचा. वीस लाखांचे १२ लाख ७१ हजार उरतात.

आता हीच रक्कम २०२० च्या पडझडीत टाकू. १४ जानेवारी २०२० ला निफ्टी १२,३६२.३० वर होता आणि २३ मार्चला, एका दिवसात जवळपास तेरा टक्के कोसळून, ७,६१०.२५ वर आला. एकूण घट ३८.४ टक्के. स्मॉल कॅपला ४५ टक्के घट आणि सोन्याला तीन टक्के वाढ धरली, तर कुटुंबाचा तोटा सुमारे ४ लाख ७९ हजार होतो, म्हणजे जवळपास २४ टक्के. पहिल्या पडझडीत हाच आकडा ३६ टक्क्यांच्या वर होता.

यातले निफ्टीचे आकडे खरे आहेत. स्मॉल कॅपचे आणि सोन्याचे मी समजण्यासाठी धरले. प्रत्यक्ष अहवालात असं काही धरायचं नसतं. तिथे प्रत्येक आकडा साठवलेल्या भावांतूनच यायला हवा, आणि खरं काम तिथेच आहे. गुणाकार-बेरीज शाळकरी मुलगाही करील. भावांचा इतिहास सचोटीने जमवणं मात्र कष्टाचं आहे.

म्युच्युअल फंडांची रोजची एनएव्ही अँफी ही फंड उद्योगाची संघटना `NAVAll.txt` या साध्या फाइलमध्ये प्रसिद्ध करते, आणि मागच्या तारखांच्या एनएव्हीही तिच्याकडून मिळतात. पण आज बहुतेक जाणकार ज्या डायरेक्ट योजनेत पैसे घालतात, ती जानेवारी २०१३ पासून सुरू झाली. तिला २००८ चा भावच नाही. प्रोग्रॅम अशा ठिकाणी रिकाम्या जागी शून्य धरून मोकळा होतो आणि अहवालात तो फंड २००८ मध्ये अजिबात पडला नाही असं दिसतं. उपाय असा: त्याच फंडाच्या रेग्युलर योजनेचा ग्रोथ पर्याय बदली म्हणून घ्यायचा, आणि तोही तेव्हा नसेल तर जवळचा निर्देशांक. बदली घेतली की तिचं नाव अहवालात त्या ओळीसमोरच लिहायचं.

फंड जुना असला तरी एकदा खात्री करावी. सेबीने ऑक्टोबर २०१७ मध्ये योजनांचे प्रकार ठरवून दिले आणि २०१८ मध्ये कित्येक फंडांची नावं आणि स्वभाव बदलले. आज स्मॉल कॅप म्हणवणारी योजना २००८ मध्ये दुसऱ्याच प्रकारचे शेअर घेत असू शकते. तिची जुनी एनएव्ही खरी असते, पण आजच्या योजनेबद्दल ती काही सांगत नाही. तिथेही निर्देशांकच बरा.

थेट शेअर असतील तर आणखी एक अडचण येते. सप्टेंबर २०१९ मध्ये एचडीएफसी बँकेच्या दोन रुपये दर्शनी किमतीच्या शेअरचे एक रुपयाचे दोन झाले आणि बाजारभाव रातोरात निम्म्यावर आला. कुणाचा एक रुपयाही बुडाला नाही, पण कच्च्या भावात ती पन्नास टक्क्यांची पडझड दिसते. म्हणून कच्चा भाव एका तक्त्यात आणि बोनस-विभाजनाच्या नोंदी दुसऱ्या तक्त्यात ठेवाव्यात, आणि सुधारित भाव दरवेळी त्यांतून काढावा. आयता सुधारित भाव उतरवून घेतला, तर पुढच्या बोनसनंतर पुरवणारा मागचा सगळा इतिहास बदलतो. मग आपल्याकडे निम्मे भाव जुन्या हिशेबाचे आणि निम्मे नव्या हिशेबाचे राहतात.

याहून खोल दोष आज अस्तित्वात असलेल्या कंपन्यांचेच भाव जमवण्याचा आहे. सत्यम निफ्टीत होती. ७ जानेवारी २००९ रोजी घोटाळा उघड झाला त्या एका दिवसात शेअर तीन चतुर्थांशाहून अधिक कोसळला. ती कंपनी पुढे टेक महिंद्रात विलीन झाली, त्यामुळे आजची यादी घेऊन मागे जाणाऱ्याला ती भेटतच नाही. युनिटेकही तेव्हा निफ्टीत होती; २००८ मध्ये तिने नव्वद टक्क्यांहून अधिक किंमत गमावली. जे तगले त्यांच्याच भावांवर चाचणी घेतली, तर पडझड नेहमी सौम्य दिसते.

तारखा निवडण्यातही कौल बदलतो. २०२० ची पडझड म्हणजे जानेवारी ते मार्च, असं आपण सहज म्हणतो. निफ्टीपुरतं ते बरोबर आहे. पण छोट्या कंपन्यांची घसरण जानेवारी २०१८ मध्येच सुरू झाली होती. तिथपासून मार्च २०२० पर्यंत निफ्टी तीस टक्क्यांच्या आत पडला, तर स्मॉल कॅप १०० निर्देशांकाने जवळपास दोन तृतीयांश किंमत गमावली. ज्याच्याकडे स्मॉल कॅप जास्त आहे, त्याने फक्त २०२० च्या तारखा घेतल्या तर सव्वादोन वर्षांच्या घसरणीतला शेवटचा टप्पा तेवढा हाती लागतो. म्हणून २०१८ ते २०२० ही स्वतंत्र पडझड म्हणून ठेवावी असं मी आग्रहाने सांगेन.

सोन्याबद्दलही थोडी सावधगिरी हवी. २००८ मध्ये डॉलरमधलं सोनं मार्चच्या उच्चांकावरून ऑक्टोबरपर्यंत बरंच उतरलं होतं. इथे ते टिकलं कारण त्याच वर्षात डॉलर सुमारे ३९ रुपयांवरून ५० रुपयांकडे गेला. म्हणून इतिहास रुपयातलाच साठवावा. आणि तारखा सर्वांना एकच लावाव्यात. प्रत्येक गुंतवणुकीचा स्वतःचा सर्वांत वाईट दिवस घेऊन बेरीज केली, तर जो दिवस कधी उगवलाच नाही त्याचा तोटा हाती येतो.

हे सगळं एकदा जमलं की चाचणी वेळापत्रकावर लावता येते. शुक्रवारच्या एनएव्ही रात्रीपर्यंत येतात, म्हणून शनिवारची सकाळ सोयीची. लिनक्सच्या क्रॉनमध्ये शनिवारी सकाळी सातसाठी एवढी ओळ पुरते:

```
0 7 * * 6 python3 /home/ghar/stress.py
```

आपोआप चालणाऱ्या अहवालाचा धोका असा की तो बिघडला तरी येतच राहतो. भाव उतरवणारी पायरी अडकली, तर प्रोग्रॅम जुन्याच भावांवर हिशेब करतो आणि दर शनिवारी तीच शांत बेरीज पाठवतो. म्हणून अहवालाच्या माथ्यावर प्रत्येक योजनेच्या शेवटच्या भावाची तारीख छापावी:

```sql
SELECT scheme, MAX(date) FROM prices GROUP BY scheme;
```

यात तारीख `2020-03-23` अशीच साठवलेली हवी. अँफीच्या फाइलमध्ये ती `23-Mar-2020` अशी येते. ती तशीच मजकूर म्हणून ठेवली तर संगणक अक्षरक्रम लावतो आणि महिन्याची ३१ तारीख कायमची सर्वांत ताजी ठरते.

दुसरी खूण माझ्या फार विश्वासाची आहे. अहवालात एक ओळ निव्वळ निफ्टीची ठेवायची, रक्कम शंभर रुपये. २००८ च्या रकान्यात तिथे ४०.१४ आणि २०२० च्या रकान्यात ६१.५६ यायलाच हवेत. वेगळा आकडा आला, तर इतिहासात कुठेतरी गडबड झाली आहे. बाकीचे आकडे त्या शनिवारी वाचू नयेत.

तोट्याच्या रुपयांशेजारी आणखी एक रकाना असावा: मूळ पातळीवर यायला लागलेला काळ. जानेवारी २००८ ची पातळी निफ्टीने नोव्हेंबर २०१० मध्ये परत गाठली, म्हणजे जवळपास दोन वर्षं दहा महिन्यांनी. जानेवारी २०२० ची पातळी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आली. मुलीची कॉलेजची फी दीड वर्षावर असेल, तर कुटुंबाने पहिल्या आकड्याकडे पाहून ते पैसे आताच शेअरबाजाराबाहेर काढावेत.

भावांच्या इतिहासात न उतरणारे धोके मात्र हाताने लिहावे लागतात. २३ एप्रिल २०२० रोजी फ्रँकलिन टेम्पल्टनने सहा कर्जरोखे योजना बंद केल्या. एनएव्ही पुढेही जाहीर होत राहिली, पण गुंतवणूकदाराला हवे तेव्हा पैसे काढता येईनात. भावाच्या तक्त्यात हा कुलूपबंद काळ दिसत नाही. आपल्या उदाहरणातल्या मुदत ठेवीसमोर आपण शून्य तोटा लिहिला, तोही असाच. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईच्या पीएमसी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त हजार रुपये काढायची मुभा होती आणि ठेवींना विम्याचं संरक्षण एक लाखापर्यंतच होतं. फेब्रुवारी २०२० मध्ये ते पाच लाखांपर्यंत वाढवलं गेलं. म्हणून अहवालात जुन्या पडझडींखाली एक वेगळी ओळ जोडावी: एका बँकेतली पूर्ण ठेव सहा महिने अडकली, आणि त्याच वेळी निफ्टी २०२० सारखा पडला. उदाहरणातल्या कुटुंबाकडे त्या सहा महिन्यांत सोन्याचा फंड आणि साठ टक्क्यांच्या आसपास उरलेले शेअर फंड एवढंच मोकळं राहतं, सुमारे दहा लाख २१ हजार. घरखर्चासाठी त्यातलं काय आधी मोडायचं, हे त्या ओळीसमोर आजच लिहून ठेवावं.