हर्नडनच्या स्थानकात जुळलेली ओळ

व्हर्जिनियातल्या हर्नडन गावातून आता आगगाडी जात नाही. वॉशिंग्टन अँड ओल्ड डोमिनियन रेल्वे 1968 साली बंद झाली. रुळांच्या जागी सुमारे 72 किलोमीटरची पायवाट आली. जुनं स्थानक मात्र उभं आहे. त्यात गावाच्या इतिहासाचं छोटं संग्रहालय आहे, आणि जवळच गाडीचा एक लाल डबा जपून ठेवला आहे. संध्याकाळी मी तिथल्या बाकावर बसतो. आमच्या गावच्या मुख्याध्यापकांच्या निरोप समारंभाचं पद्य मानपत्र मी तिथंच लिहिलं.

सरांनी एकाच गावात तीस वर्षं काढली. जिल्हा परिषदेच्या शाळेत बदल्या होतात, तिथं हे जमणं कठीण. आमचं विद्यालय गावच्याच संस्थेचं, म्हणून सर अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत तिथंच राहिले.

आधी भुजंगप्रयात घेतलं. मनाच्या श्लोकांमुळे ती चाल गावात सगळ्यांच्या तोंडी आहे. पण त्यात एक लघू, दोन गुरू असंच चालावं लागतं. ‘मुख्याध्यापक’ शब्दात पहिली तिन्ही अक्षरं गुरू, कारण जोडाक्षरामागचा ‘मु’ही गुरू होतो. त्या वृत्तात हा शब्द बसूच शकत नाही. ‘गुरूजी’ असा रू दीर्घ केला तर बसतं. पण ज्या सरांनी ‘गुरुजी’तला रु ऱ्हस्व लिहायला शिकवलं, त्यांच्याच मानपत्रात ती सूट घ्यायला मन होईना.

मग शार्दूलविक्रीडिताकडे वळलो. एकोणीस अक्षरं, बाराव्या अक्षरावर यती. सुरुवातीला तीन गुरू, मग दोन लघू. ‘मुख्याध्यापक’ हा शब्द अगदी तसाच! पण पुढं काय?

समोर स्थानकाच्या पाटीवर गावाचं नाव होतं. ते कॅप्टन विल्यम लुईस हर्नडन यांचं. सप्टेंबर 1857 मध्ये त्यांची ‘सेंट्रल अमेरिका’ आगबोट वादळात सापडली. त्यांनी बायकामुलांना आधी होड्यांत उतरवून दुसऱ्या जहाजाकडे पाठवलं, आणि स्वतः बोटीवरच राहिले. शेकडो माणसांबरोबर तेही बुडाले. पाटी वाचता वाचता ओळ पुरी झाली:

मुख्याध्यापक राहिले न हलता, ही तीस वर्षे इथे

‘हलता’पर्यंत बारा, पुढं सात. मोजून पाहिली, दोनदा म्हणून पाहिली. उरलेल्या ओळींना चार संध्याकाळी लागल्या.

गावाकडे मजकूर पाठवताना प्रत्येक ओळीत यतीच्या जागी उभी रेघ मारली. माईकवर वाचणारा तिथं श्वास घ्यायला विसरला, तर ‘ही’ मागच्या शब्दाला चिकटते आणि ‘हलताही’ ऐकू येतं. वाचणार होती नववीतली एक मुलगी. समारंभाच्या दिवशी इथं मध्यरात्र उलटून गेली होती. फोन कानाला लावून बसलो. ‘न हलता’ म्हणून ती थांबली, श्वास घेतला. तेवढ्यात मागं बाकं सरकल्याचा आवाज आला. मुलं उभी राहत होती.