पडून राहिलेला पैसा जातो कुठे?

खात्यात पडून राहिलेले पैसे बँक गिळंकृत करते, असा आपल्यापैकी अनेकांचा समज असतो. अमेरिकेत तसे होत नाही. ठराविक मुदत उलटली की बँकेला ती रक्कम राज्य सरकारकडे जमा करावी लागते. मालकी मात्र खातेदाराचीच राहते.

एक उदाहरण घेऊ. एक कुटुंब कॅलिफोर्नियातून न्यू जर्सीला गेले. जुन्या बचत खात्यात १,८०० डॉलर तसेच राहिले आणि बँकेला नवा पत्ता कळवायचा राहून गेला. खात्यावर व्याज जमा होत होते, म्हणून खाते चालू आहे असे त्यांना वाटले. पण बँकेने आपणहून जमा केलेले व्याज ही खातेदाराची हालचाल धरली जात नाही. पैसे भरणे, काढणे किंवा बँकेशी संपर्क साधणे, हे खातेदारानेच करावे लागते. कॅलिफोर्नियात ही मुदत तीन वर्षांची आहे. रक्कम सोपवण्यापूर्वी बँक पत्र पाठवते, पण जुन्याच पत्त्यावर! पुढे पैसे राज्याकडे गेले की त्यावर व्याज मिळत नाही. वॉलेटमधली शिल्लकही याच वाटेने जाते. मुदत राज्यागणिक वेगळी असते.

हे पैसे शोधायचे कुठे? सध्या राहतो त्या राज्यात नव्हे, तर बँकेच्या दप्तरी शेवटचा पत्ता ज्या राज्यातला असेल तिथे. म्हणजे या कुटुंबाने कॅलिफोर्नियात चौकशी करायला हवी. unclaimed.org येथे प्रत्येक राज्याच्या अधिकृत कार्यालयाचा दुवा मिळतो. राज्याकडे थेट अर्ज करायला पैसे पडत नाहीत. ओळखपत्र आणि जुन्या पत्त्याचा पुरावा, जुने स्टेटमेंट किंवा बिल, हाताशी ठेवावे. आपली नावे तिथे हमखास वेगळ्या स्पेलिंगने नोंदलेली असतात. त्यामुळे माहेरचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, सगळे घालून पाहावे.

गिफ्ट कार्डाचे गणित निराळे आहे. २०१० साली अमलात आलेल्या केंद्रीय नियमांनुसार विकत घेतलेल्या कार्डातील रक्कम किमान पाच वर्षे बाद होत नाही. मात्र बारा महिने कार्ड वापरले नाही, तर त्यानंतर दरमहा एकदा शुल्क कापता येते, तशी अट कार्डावर छापलेली असेल तर. समजा ५० डॉलरच्या कार्डावर दरमहा ३ डॉलर शुल्क आहे. पहिले वर्ष संपल्यावर सोळा महिन्यांत ४८ डॉलर जातील आणि हाती राहतील दोन. कार्ड बाद झालेले नसते, पण रिकामे झालेले असते. खरेदीवर फुकट मिळालेल्या कूपनांना तर हे पाच वर्षांचे संरक्षणही नसते.

तेव्हा घर बदलताना टपाल खात्याबरोबर प्रत्येक बँकेलाही नवा पत्ता कळवा आणि वर्षातून एकदा प्रत्येक खात्यात स्वतः छोटासा तरी व्यवहार करा.