लाल लघवी, पिवळी लघवी

रात्री दीडच्या राउंडला बीपी घ्यायला गेले, तर काकांच्या उशीखाली गोळी सापडली. वॉर्फरिन, रात्री नऊची. "घेतली" म्हणून त्यांनीच सांगितलं होतं आणि मीही चार्टवर टिक केली होती.

"सिस्टर, मला रक्ताची लघवी होतेय," काका भिंतीकडे बघत म्हणाले. "आणि ही गोळी रक्त पातळ करते. आता कशी घेऊ?"

त्यांचा तर्क चुकीचा होता असं म्हणता येणार नाही. काका पूर्वी बाजार समितीत हमाल होते. चार वर्षांपूर्वी हृदयाची डावीकडची झडप बदलून तिथे धातूची बसवली, तेव्हापासून मापारी झाले. धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून वॉर्फरिन रोज 5 मिलिग्रॅम, जन्मभर. लघवीत लाल दिसलं तर लगेच दवाखान्यात यायचं, हे आम्हीच त्यांच्याकडून घोकून घेतलेलं. त्यात आता छातीत पाणी झालं, ते टीबीचं निघालं. त्याच दिवशी दुपारी चारला रिकाम्या पोटी टीबीचा पहिला डोस दिला होता. वजन 52 किलो, म्हणून चार गोळ्या. एका गोळीत चार औषधं असतात, त्यातलं रिफाम्पिसिन 150 मिलिग्रॅम. म्हणजे काकांच्या पोटात 600 मिलिग्रॅम रिफाम्पिसिन गेलं होतं आणि लघवीचा रंग बदलेल हे त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं. दुपारच्या ड्युटीला वाटलं डॉक्टरांनी सांगितलं असेल, डॉक्टरांना वाटलं सिस्टर सांगतील.

ट्रॉलीत स्ट्रिपमधून काढताना तुटलेली टीबीची एक गोळी बाजूला ठेवलेली होती. तिचा तुकडा ओल्या गॉजवर घासला. गॉजवर विटकरी डाग पसरला.

"हाच रंग ना?"

काकांनी मान हलवली. पण काकूंना पटलं नाही. "अंगातली उष्णता बाहेर पडतेय. औषध गरम आहे. धन्याचं पाणी देऊ का?"

धन्याचं पाणी द्यायला काही हरकत नव्हती, पण यात उष्णतेचा संबंध नाही. रिफाम्पिसिन हा पदार्थ मुळातच तांबडा आहे. शरीर त्यातला बराचसा भाग पित्तावाटे बाहेर टाकतं, थोडा लघवीवाटे. घाम, थुंकी आणि डोळ्यांतलं पाणीसुद्धा त्याने केशरी होतं. बनियनवर डाग पडतात, आणि डोळ्यांत मऊ कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर त्या कायमच्या रंगतात. किडनीला याने काही इजा होत नाही. पुढच्या डोसची वेळ येईपर्यंत रंग फिका होतो, तेव्हा औषध संपलं असंही समजू नये. जंतूंवरचं काम रंगावर चालत नाही.

तरीही मी नुसत्या गॉजवर विसंबले नाही. वॉर्फरिनवरच्या माणसाला टीबीची गोळी चालू असतानाही खरंच रक्त जाऊ शकतं, आणि केशरी रंगाआड ते लपूही शकतं. हिरड्या पाहिल्या, अंगावर काळेनिळे डाग आहेत का पाहिलं, शौचाचा रंग विचारला. लघवीचा नमुना लॅबला पाठवला. अशा रंगीत लघवीत पट्टीची चाचणी फसवू शकते, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगितलं. लाल पेशी नव्हत्या. डोळ्यांचं पांढरंही पांढरंच होतं. ते पिवळं असतं, भूक मेलेली असती, उलट्या असत्या, तर गोष्ट लिव्हरची झाली असती आणि मी डॉक्टरांना झोपेतून उठवलं असतं. उठवलं तसंही, चुकलेल्या डोसबद्दल विचारायला. "आत्ता द्या," म्हणाले. काकांनी गोळी घेतली.

घोट गिळून काकाच म्हणाले, "आमच्या मेडिकलवाल्याने सांगितलंय, टीबीची गोळी दुसऱ्या औषधांना मारते. म्हणून दोघांत चार तासांचं अंतर ठेवायचं."

पहिलं वाक्य जवळपास खरं आहे. दुसऱ्याने माणसाचा जीव जाऊ शकतो, कारण अंतर ठेवलं की आपण निर्धास्त होतो. ॲसिडिटीच्या औषधाबाबत अंतर ठेवणं बरोबर आहे, कारण ते पोटातच रिफाम्पिसिनला अडवतं. वॉर्फरिनचं तसं नाही. या दोन गोळ्यांची पोटात गाठच पडत नाही. भानगड होते ती लिव्हरमध्ये.

"काका, मार्केटला एकदम दोनशे ट्रॅक्टर कांदा आला तर मुकादम काय करतो?"

"हमाल वाढवतो."

"आणि त्याच दिवशी कोणाची चार पोती लसूण आली असेल तर?"

"तीपण लगेच उतरतात. हमाल काय, समोर येईल ते उचलणार."

लिव्हरच्या पेशीत परक्या पदार्थांची चाहूल घेणारं एक प्रथिन असतं. रिफाम्पिसिन त्याला जाऊन चिकटलं की पेशी औषधं मोडणारी एन्झाइम्स जास्त प्रमाणात बनवू लागते. ही एन्झाइम्स कोणाचं औषध आहे ते बघत नाहीत. वॉर्फरिन, गर्भनिरोधक गोळ्या, प्रेडनिसोलोन, शुगरच्या काही गोळ्या, फिट्सची काही औषधं, सगळ्यांचा फडशा लवकर पाडतात. सकाळी एक आणि रात्री दुसरी घेतली म्हणून हमाल मधल्या वेळात घरी जात नाहीत. आणि हमाल जमायलाही वेळ लागतो. रंग काही तासांत येतो, हा परिणाम भरात यायला आठवडा-दोन आठवडे जातात. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट चांगला आला की घरचे बिनघोर होतात, ते यामुळेच.

काकांचंही तसंच झालं. पहिल्या दिवशी आयएनआर 2.9 होता. त्यांच्या झडपेला तो 2.5 ते 3.5 मध्ये लागतो. पाचव्या दिवशी 2.6 आला. दहाव्या दिवशी 1.7. एकही गोळी चुकली नव्हती, तरी रक्त पुन्हा घट्ट व्हायला लागलं होतं. डॉक्टरांनी पोटात हेपॅरिनची इंजेक्शनं सुरू केली आणि वॉर्फरिन टप्प्याटप्प्याने वाढवत नेलं. पाचव्या आठवड्यात 11 मिलिग्रॅमवर आयएनआर 2.8 वर स्थिरावला. काकू दर वेळी विचारायच्या, "दुपटीहून जास्त? विष नाही ना होणार?" या लिव्हरला तेवढंच लागत होतं. दुसऱ्या कोणी तेच घेतलं असतं तर रक्तस्राव होऊ शकला असता.

डिस्चार्जच्या वेळी त्यांची सून दाराशी घुटमळत होती. तिलाही कधी हा कोर्स घ्यावा लागला तर, असं म्हणून तिने हळूच माला-एनबद्दल विचारलं. मी सांगितलं की त्या गोळ्यांवर तेव्हा भरवसा ठेवायचा नाही, कोर्स संपल्यावरही महिनाभर नाही. तांबीला मात्र काही होत नाही, ती औषधावर चालत नाही. तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शनही चालतं.

मग काकांच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहिलं: टीबीचा कोर्स संपण्याआधी आयएनआरची तारीख घेणे. लोकांना वाटतं, कोर्स संपला की धोका संपला. काकांच्या बाबतीत खरा धोका तेव्हा सुरू होणार होता. रिफाम्पिसिन एक-दोन दिवसांत अंगातून जातं. वाढलेली एन्झाइम्स ओसरायला दोनेक आठवडे लागतात. ती ओसरली आणि 11 मिलिग्रॅम तसंच चालू राहिलं, तर तेच वॉर्फरिन अंगात साठत जातं. तेव्हा लघवी लाल झाली तर ते रक्तच समजायचं.

सहा महिन्यांनी नाईटलाच फोन आला. काकांचा आवाज खुशीत होता.

"सिस्टर, परवा शेवटच्या गोळ्या घेतल्या. आज लघवी एकदम पिवळी!"

"वॉर्फरिन किती घेतलं आज?"

"तुम्हीच सांगितलेलं. अकरा."

"मग उद्या सकाळी आयएनआरला या. उपाशी यायची गरज नाही. आणि पुढचा महिनाभर दर आठवड्याला यायचं."