पुडा तोच, बिस्किटे नऊ!

परवा रविवारी दुपारच्या चहाला आमच्या घरी एक खटला उभा राहिला. फिर्यादी आमची सौभाग्यवती, आरोपी पाच रुपयांचा बिस्किटांचा पुडा. आरोप असा, की पुड्यात दहाऐवजी नऊच बिस्किटे निघाली. मी प्राध्यापकी थाटात म्हणालो, "अगं, मोजण्यात चूक झाली असेल." त्यावर तिने जुन्या पुड्याचा कागद डब्यातून काढून माझ्यापुढे ठेवला. त्यावर ६० ग्रॅम छापले होते, नव्यावर ५४. रंग तोच, चित्र तेच, किंमतही तीच!

संध्याकाळी मी पुडा घेऊन कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेलो. "शेठ, हे मापात पाप नव्हे काय?" शेठजी हसले. "पाप कसलं, सर? वजन छापलंय की त्यावर. आता तर एका ग्रॅमाला किती पडतात तेही छापतात. वाचतो कोण?"

मग गल्ल्यावरच्या कागदावर त्यांनी मला जो हिशेब शिकवला, तो असा. पीठ, साखर, तेल महागले आणि कारखानदाराला शेकडा दहा वाढ हवी झाली, तर पाचाच्या पुड्याचे साडेपाच व्हायला हवेत. पण आठ आणे आता देतो कोण आणि घेतो कोण? म्हणजे सहा करावे लागणार. ही वाढ झाली शेकडा वीस! शिवाय एक रुपया सुटा नसला, की हातावर गोळी टेकवायची आणि गिऱ्हाइकाची बोलणी दुकानदाराने खायची. त्यापेक्षा एक बिस्कीट काढून घेतले, तर ग्रॅमामागे सव्वाआठ पैशांच्या ठिकाणी सव्वानऊ पडतात. शेकडा अकराची वाढ झाली आणि गल्ल्यावर शब्दही झाला नाही. पन्नासाच्या मोठ्या पुड्याला मात्र पंचावन्न लावता येतात, म्हणून तिथे उघडपणे किंमत वाढवणे सोपे जाते.

"पण मग पुडा असा किती आटेल?" मी विचारले.

"त्यालाही तळ आहे, सर. बिस्किटं कमी झाली तरी कागद, वाहतूक, माझं कमिशन थोडंच निम्मं होतं? हातात घेतल्यावर पुडा पोकळ लागला, की गिऱ्हाईक शेजारचा उचलतं. मग एकदम दहाचा पुडा काढावा लागतो."

हे पाचाच्या नाण्याचे बंधन उलट बाजूनेही कसे जाचते, ते २०२५ च्या सप्टेंबरात दिसले. बिस्किटांवरचा कर शेकडा अठरावरून पाचावर आला. हिशेबाने पाचाच्या पुड्याची किंमत चार रुपये पंचेचाळीस पैसे होते. ते पंचावन्न पैसे परत कसे करायचे? तेव्हा किंमत तीच ठेवून वजन वाढवण्याचीच वाट सोयीची ठरते.

गिऱ्हाइकाला किंमत बोचते तितके वजन बोचत नाही, याला पुरावाही आहे. अमेरिकेत शिकागो शहरातल्या आइस्क्रीमच्या विक्रीचा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. डबा लहान केल्याचा खपावर होणारा परिणाम किंमत वाढवल्याच्या परिणामाच्या सुमारे एक चतुर्थांशच दिसला. पण वजनातली घट डोळ्यांत भरली, की गोष्ट पालटते. टोब्लेरोन या त्रिकोणी चॉकलेटची ब्रिटनमधली १७० ग्रॅमांची वडी २०१६ साली १५० ग्रॅमांची झाली. त्यासाठी त्रिकोणांमधल्या फटी रुंद केल्या. फटी सर्वांना दिसल्या, जगभर चेष्टा झाली आणि २०१८ मध्ये जुना आकार परत आणावा लागला. किंमत वाढली तर माणूस कुरकुरतो; फसवल्यासारखे वाटले, तर रागावतो. फ्रान्सने तर १ जुलै २०२४ पासून मोठ्या दुकानांना नियमच घातला: वजन घटवून मालाचा दर वाढवला असेल, तर त्या मालाजवळ दोन महिने तशी पाटी लावायची.

मी हे सारे ज्ञान घेऊन विजयी मुद्रेने घरी आलो. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाई तेव्हा चहा घेत होत्या. माझे व्याख्यान ऐकून त्या सौभाग्यवतीला म्हणाल्या, "वहिनी, ते आम्हांला कवाच ठावं हाय. दोन पोरांत पाच-पाच यायची. आता चार-चार देते आन् नवव्याचं मोडून अर्धं-अर्धं."

"मग सहा रुपये केलेले बरे वाटले असते?"

"नगं, दादा. पोराच्या हातात मी पाचाचं नाणंच देते. सहाला ते रिकाम्या हातानं परत यायचं."

मी गप्प झालो. ज्याला कळत नाही त्यालाच हा पुडा फसवतो, असे मी समजत होतो. बाईंना सारे कळत होते. फक्त निवड त्यांच्या हातात नव्हती.

तेव्हापासून आमच्याकडे पुड्यावरची ग्रॅमाची किंमत वाचूनच खरेदी होते. आणि त्या दोन पोरांसाठी? सौभाग्यवतीने दिवाळीच्या फराळाचा डबा भरला, तेव्हा शंकरपाळी मोजली नाहीत.