ढाळ शेवटी देता येत नाही

ठाणे-बेलापूर पट्ट्यात, दिघ्यापासून महापेपर्यंत, इमारतींची संगणकीय मॉडेल करणाऱ्या कार्यालयांत एक वाक्य इतक्या वेळा कानावर पडतं की आता चीड येते: "सध्या पाईप सरळ ओढून घे, ढाळ शेवटी देऊ." सांगणारा अनुभवी असतो, ऐकणारा नवा असतो. संगणकावर ते जमतंही. `Slope Off` ठेवून सगळं सांडपाणी आडवं काढायचं, क्लॅश तपासायचा, अहवाल शून्य आला की कळवून मोकळं व्हायचं. फरशा बसल्यावर वरच्या मजल्याचं टॉयलेट खालच्या मजल्याच्या छतात का गळतं, हा प्रश्न तोवर दुसऱ्याचा झालेला असतो.

सांडपाण्याचा पाईप दाबाने वाहत नाही, वजनाने वाहतो. त्याला ढाळ हवाच, आणि हा ढाळ छताखालची उंची खातो. ती उंची कोणीतरी आधी राखून ठेवावी लागते. आडव्या मॉडेलमध्ये ती कोणीच राखलेली नसते.

हिशेब करून पाहू. समजा दिघ्याच्या औद्योगिक पट्ट्यातली कार्यालयीन इमारत आहे. मजल्याची उंची ३६०० मिलिमीटर, स्लॅब १५० आणि फॉल्स सीलिंग जमिनीपासून २७०० वर. म्हणजे स्लॅबच्या खाली ७५० मिलिमीटरची पोकळी उरते. बीम स्लॅबच्या खाली ४५० उतरतो, म्हणून बीमखाली सीलिंगपर्यंत हातात राहतात ३००. टॉयलेटला लागूनच एक बीम आहे आणि तिथून शाफ्ट ९ मीटरवर आहे. वाटेत आणखी बीम आहेत, त्यामुळे पाईपला या पट्टीतूनच जावं लागणार.

१०० मिलिमीटरच्या पाईपचा बाहेरचा व्यास ११०. बीमखाली २५ मिलिमीटर मोकळे सोडले तर आडवा पाईप १३५ घेतो आणि खाली १६५ मोकळे दिसतात. ते मोकळे दिसतात म्हणून विजेवाला तिथून केबल ट्रे नेतो, स्प्रिंकलरवाला आपला पाईप नेतो. कोणाचीच चूक नाही, कारण मॉडेलच त्यांना जागा दाखवत होतं. क्लॅश शून्य.

आता ढाळ द्या. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ च्या भाग ९ मध्ये १०० मिलिमीटरच्या नाल्यासाठी किमान ढाळ १:५७ दिला आहे. घाण तळाशी न बसता वाहून जावी म्हणून लागणारा सेकंदाला ०.७५ मीटरचा वेग त्या ढाळाला मिळतो. ९ मीटरला १:५७ म्हणजे १५८ मिलिमीटर उतार. २५ अधिक ११० अधिक १५८ मिळून २९३ झाले. तीनशेतले सात उरले, आणि त्यात पाईपच्या जोडाचा फुगवटा व सीलिंगची पत्र्याची चौकट बसवायची आहे. बसत नाही. शाफ्टजवळ पाईप थेट केबल ट्रेमध्ये घुसतो.

यावर कार्यालयात सुचणारा पहिला उपाय ढाळ गुपचूप १:१०० करणे हा असतो. उतार ९० वर येतो, सगळं बसतं, पण संहितेच्याच गणिताने वेग ०.५७ पर्यंत पडतो. "पीव्हीसी गुळगुळीत असतो, चालतं" असं ऐकवलं जातं. नव्या, नीट बसलेल्या पाईपबद्दल त्यात तथ्य आहे. पण छताला लटकणारा पाईप हँगरांच्या मध्ये थोडा झोळतोच. १:१०० ला मीटरला जेमतेम एक सेंटीमीटर उतार असतो, तो अशा झोळातच संपतो आणि तिथे पाणी साचून राहतं.

दुसरा उपाय मोठ्या पाईपचा. १५० मिलिमीटरला १:१०० चालतो हे खरं, पण त्याचा बाहेरचा व्यास १६०. बेरीज २७५ होते, म्हणजे एवढा खटाटोप करून जेमतेम १८ मिलिमीटर वाचतात. शिवाय तो पाईप अर्धा भरायला १०० च्या पाईपच्या दुपटीहून जास्त पाणी लागतं. टॉयलेट तेच, पाणी तेवढंच, म्हणून मोठ्या पाईपात ते पातळ पसरतं आणि वेग पुन्हा पडतो.

खरे उपाय वेगळे आहेत: शाफ्ट टॉयलेटजवळ आणणे, शाखा दोन उभ्या पाईपांत विभागणे, त्या पट्टीतलं सीलिंग उतरवणे, किंवा स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या संमतीने बीममध्ये आधीच स्लीव्ह ठेवणे. काँक्रीट ओतण्याआधी यांपैकी काहीही जमतं. नंतर बीममध्ये कोअर कटिंग म्हणजे सळया कापण्याचा धोका.

म्हणून क्रम उलटा हवा. आधी शाफ्टमधल्या जोडाची इन्व्हर्ट लेव्हल, म्हणजे पाईपच्या आतल्या तळाची पातळी, ठरवायची. तिथून टॉयलेटकडे `Slope Up` लावून पाईप चढवत न्यायचा. उलट बाजूने आलात तर शाफ्टचा जोड जिथे पडेल तिथे पडतो. जोडून झालेल्या पाईपांना `Slope Editor` ने ढाळ देता येतो, पण कोणतं टोक जागेवर राहणार ते आधी पाहायचं. लांब साखळीत शाखा, उभे तुकडे आणि बेसिनचे जोड सगळेच हलतात, आणि काही सुटतात.

फिटिंगचा घोळही इथूनच सुरू होतो. १:५७ म्हणजे सुमारे एक अंश, त्यामुळे उभ्या पाईपशी कोन ९० न राहता ८९ किंवा ९१ होतो. कोन बदलू देणारं फिटिंग लावलेलं असेल तर मॉडेल बिनतक्रार ९१ अंशांचा बेंड बनवून देतं. बाजारात तो मिळत नाही. सांडपाण्याच्या फिटिंगमध्ये ४५ आणि ८७.५ अंश मिळतात. तेव्हा कोन मॉडेलच्या मर्जीवर सोडू नका, `Use specific angles` मध्ये मिळणारेच कोन ठेवा. आडव्या नाल्याला आडवी शाखा जोडताना ९० चा टी नको, ४५ चा वाय हवा. टी क्लॅशमध्ये कधीच दिसत नाही, चोक होतो तेव्हा दिसतो.

तर, "क्लॅश शून्य म्हणजे काम बरोबर" हेही चूक. ती तपासणी फक्त दोन वस्तू एकमेकांत घुसल्या का, किंवा ठरवलेल्या अंतराहून जवळ आल्या का, एवढंच पाहते. उलट्या ढाळाचा पाईप, विजेच्या खोलीवरून जाणारा सांडपाण्याचा पाईप, हात न पोचणारं क्लीनआऊट, यांतलं तिला काहीच कळत नाही.

"ढाळ जितका जास्त तितका चांगला" हेही नाही. त्याच संहितेत वेगाची वरची मर्यादा सेकंदाला २.४ मीटर आहे. "पाणीपुरवठ्याच्या पाईपलाही ढाळ लागतो" असं नाही, तो दाबावर चालतो. म्हणूनच दोघांची टक्कर झाली की हलायचं पुरवठ्याच्या पाईपने. वर वळवला तर उंच जागी हवा अडकते, तिथे एअर व्हॉल्व्हची सोय बघा. आणि "दिघ्याला काय, मागे पारसिकचा डोंगर, पुढे खाडी, ढाळ आपोआप मिळतो" हा युक्तिवाद मी खरोखर ऐकला आहे. डोंगराचा उतार गटाराला उपयोगी पडतो, तिसऱ्या मजल्याच्या छताला नाही.

मॉडेल पुढे पाठवण्याआधी एकच करा. सांडपाण्याच्या १०० मिलिमीटरच्या आडव्या पाईपांवर फिल्टर लावा आणि १:५७ हून कमी ढाळाचे सगळे लाल करा. एक जरी लाल दिसला, तर तुमचा शून्य क्लॅशचा अहवाल कोणाला दाखवू नका.