कर्जाचा हप्ता आणि पहिली नोकरी

‘ऋण काढून सण करू नये’ ही शिकवण आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. शिक्षण हा सण नव्हे, म्हणून त्यासाठी काढलेले कर्ज आपण वेगळे मानतो, आणि ते योग्यच आहे. कर्ज नसते तर अनेकांना महाविद्यालयाचे दारही दिसले नसते. परंतु कर्ज फेडले जाईल की नाही, एवढाच प्रश्न आपण विचारतो. फेडता फेडता ते मुलांकडून कोणती नोकरी निवडून घेते, हा प्रश्न मागे राहतो.

एक हिशेब मांडून पाहू. इंदूरच्या एका मुलीने चार वर्षांच्या अभियांत्रिकीसाठी दहा लाखांचे कर्ज घेतले, असे समजा. दर वर्षी अडीच लाख उचलले आणि व्याज १० टक्के. अभ्यासक्रमाची चार वर्षे व त्यानंतरचे एक वर्ष हप्ता नाही. या मुदतीत सरळ व्याज मात्र चढतच राहते. ते होते साडेतीन लाख. म्हणजे पहिला हप्ता भरण्याच्या दिवशी कर्ज साडेतेरा लाखांचे झालेले असते. दहा वर्षांच्या फेडीसाठी महिन्याचा हप्ता येतो सुमारे १७,८४० रुपये. पहिल्या हप्त्यातले ११,२५० रुपये व्याजातच जातात.

आता तिच्यापुढे दोन नोकऱ्या आहेत. पुण्याच्या संगणक कंपनीत हातात ४०,००० मिळतात, पण काम तिच्या विषयाचे नाही. पीथमपूरच्या एका लहान कारखान्यात २५,००० मिळतात, आणि तिथे यंत्रांची रचना हाताने शिकता येते. कर्ज नसते तर घरी राहून ती दुसरी नोकरी सहज पत्करू शकली असती. हप्ता वजा केल्यावर मात्र तिथे उरतात ७,१६० रुपये. पुण्यात खोलीभाडे देऊनही अधिक उरेल. निर्णय तिचा दिसतो, पण पर्याय आधीच गाळले गेलेले असतात. सहा महिने नोकरीविना राहून काही नवे करून पाहायचे, तर केवळ हप्त्यांसाठी लाखाहून अधिक रक्कम गाठीशी हवी. शिवाय साडेसात लाखांपुढच्या कर्जाला बहुतेकदा तारण लागते, आणि ते म्हणजे वडिलांचे घर. धोका पत्करायचा तर तो एकटीचा राहत नाही.

यात केवळ पैशाचे गणित आहे का? न्यूयॉर्क विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात झालेला एक प्रयोग इथे उपयोगी पडतो. एरिका फील्ड यांनी त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध केले. चिठ्ठ्या टाकून विद्यार्थ्यांना दोन प्रकारची मदत देण्यात आली. एका गटाची फी सुरुवातीलाच माफ, मात्र पुढे लोकहिताची कमी पगाराची वकिली केली नाही तर ती रक्कम फेडायची. दुसऱ्या गटाला कर्ज, मात्र तीच वकिली केली तर हप्ते महाविद्यालय भरणार. पैशात पाहिले तर दोन्हींचे मोल सारखेच. तरीही पहिल्या गटातून लोकहिताच्या वकिलीकडे वळलेल्यांचे प्रमाण तिसऱ्या हिश्श्याहून अधिकने जास्त निघाले. डोक्यावर ‘कर्ज’ हा शब्द असणे, हेच माणसाला सुरक्षित वाटेकडे ढकलते. चिठ्ठ्यांमुळे, मुळातच पैशाकडे ओढा असणारे एका गटात जमले, ही शंकाही उरत नाही.

म्हणजे कर्जाची रक्कम महत्त्वाची, तशीच त्याची घडणही. ऑस्ट्रेलियाने १९८९ पासून वेगळी घडण वापरली. मिळकत ठरावीक मर्यादेच्या वर गेली तरच करासोबत फेड वसूल होते. मिळकत घटली तर फेड थांबते, आणि घर तारण ठेवावे लागत नाही. जे कधीच फारसे कमावत नाहीत, त्यांचा भार सरकारी तिजोरीवर पडतो, ही त्या पद्धतीची किंमत.

आपल्याकडे हप्ता मिळकत पाहत नाही. म्हणून सही करण्याआधी त्याची घडण पाहायला हवी. मुदत पंधरा वर्षांची केली तर वरच्या उदाहरणात हप्ता सुमारे १४,५०० वर येतो, पण एकूण फेड सुमारे ४ लाख ७० हजारांनी वाढते. दुसरा मार्ग म्हणजे शिक्षण चालू असतानाच व्याज भरत जाणे. पहिल्या वर्षी ते महिन्याला सुमारे २,०८० रुपये असते, चौथ्या वर्षी ८,३३० पर्यंत जाते, आणि पदवीनंतरच्या वर्षीही भरावे लागते. तसे केले तर कर्ज दहा लाखांवरच थांबते आणि दहा वर्षांचा हप्ता १३,२१५ होतो. काही बँका त्यासाठी व्याजदरातही थोडी सूट देतात. पीथमपूरच्या पगारातून मग ७,१६० ऐवजी ११,७८५ रुपये उरतात. ही रक्कम मोठी नव्हे, पण घरी राहणाऱ्या मुलीला ती नोकरी निदान विचारात घेण्याजोगी होते. आईवडिलांना जमत असेल, तर फीइतकीच ही मदतही मोलाची आहे.

महाविद्यालय निवडताना आपण तिथल्या सर्वांत मोठ्या पगाराची चौकशी करतो. त्याऐवजी मुलाला खरोखर आवडेल अशा कामाचा सुरुवातीचा पगार विचारावा, आणि त्यातून हप्ता वजा करून पाहावा. उरलेल्या पैशात महिना निघत नसेल, तर ते काम त्याच्यासाठी त्याच दिवशी बंद झाले, असे समजून मगच सही करावी.